दुसऱ्या भेटीत देव आणि राजकारण

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. स्थळ चांगलं आहे, बोलणं छान होतंय, पण देवधर्म आणि राजकारण हे विषय काढायचे कधी? आणि काढले की वाद होतो, त्याचं काय? मी लग्नाआधी मुलामुलींशी बोलायचं काम करते, त्यामुळे आज याच एका गोष्टीवर बोलू.

कधी, याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत माणूस नीट दिसत नाही, आणि चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत दोन्हीकडच्या आयांनी मनातल्या मनात हॉल बघायला घेतलेला असतो. शिवाय एखाद्याला विधी नकोच असतील, विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल, तर तिथे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ते साखरपुडा झाल्यावर सांगून कसं चालेल?

आता कसं बोलायचं ते. बायोडेटावर 'मॉडरेट' लिहिलेलं असतं बघा, त्या शब्दाला काहीही अर्थ नाही. रोज तासभर पूजा करणाराही स्वतःला मॉडरेटच म्हणतो आणि वर्षातून एकदा आरतीला उभा राहणाराही. 'तू देव मानतोस का?' हाही प्रश्न कामाचा नाही, कारण त्याचं उत्तर म्हणजे मत, आणि मत आलं की समोरचा त्याच्या बचावाला उभा राहतो. मी सांगते, कॅलेंडर विचारा. मागच्या श्रावणात घरी काय शिजलं? गणपतीत तू काय केलंस? कुलदैवताला शेवटचं कधी गेलास, आणि जायचं कुणी ठरवलं? अशा प्रश्नांना घडलेलं उत्तर येतं, आणि घडलेल्या गोष्टीशी वाद घालता येत नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. मुलगा ठाण्यात नोकरीला, घर कोकणात, गावी पाच दिवसांचा गणपती आणि गौरी. मुलगी साताऱ्याकडची, नोकरी पुण्यात, घरात देव आहेत पण ती स्वतः काही करत नाही. बायोडेटावर दोघंही मॉडरेट!

दुसऱ्या भेटीत तिने विचारलं, "गणपतीत तुझं नेमकं काम काय असतं?" तो म्हणाला, "दुर्वा-फुलं आणायची, दोन्ही वेळची आरती. बाबांना आता खाली बसवत नाही, म्हणून गेली दोन वर्षं पूजेला मीच बसतो." एवढ्यावरूनच तिला कळलं की ही सुट्टी दरवर्षीची आहे आणि गावीच जाणार आहे. मग तिने पुढचं विचारलं. "आणि घरातल्या सुनांचं काम?" तर, नैवेद्य, सोवळ्यात. "पाळी आली तर?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "आई बाजूला बसायला सांगते. वहिनी गोळी घेते, पाळी पुढे ढकलायची."

म्हणजे बघा, मॉडरेट या शब्दाच्या आत ही गोळी बसलेली होती.

ती म्हणाली, "मी गोळी घेणार नाही. आणि वेगळी बसणार नाही." इथे वादाला अगदी आयती जागा होती. तो म्हणणार, चारच दिवसांचा तर प्रश्न आहे; ती म्हणणार, कुठल्या शतकात राहता तुम्ही लोक. हे 'तुम्ही लोक' आलं ना, की समजायचं गप्पा संपल्या आणि सभा सुरू झाली. दुसरी खूण म्हणजे टेबलावर नसलेली माणसं बोलण्यात यायला लागतात, कुणी महाराज, कुणी पुढारी, कुणी व्हॉट्सॲपवरचा डॉक्टर. तिसरी म्हणजे 'का' हा प्रश्न. 'असं का करता?' म्हटलं की समोरच्याला कारण शोधावं लागतं, आणि परंपरेचं कारण त्यानेही कधी शोधलेलं नसतं. 'का'च्या जागी 'कसं' आणि 'कुठपर्यंत' घाला.

त्या मुलाने नेमकं तेच केलं. त्याने विचारलं, "वेगळी बसणार नाही म्हणजे कुठपर्यंत? देवघरात यायचंय तुला?" ती म्हणाली, "देवघराचा माझा हट्ट नाही. नैवेद्यालाही हात लावणार नाही, तो तुमच्या आईंचा मान आहे. पण घरात कुठेही वावरेन, सगळ्यांच्या पंगतीत जेवेन." मग तो म्हणाला, "माझी हरकत नाही. आईची असेल. मी तिच्याशी बोलतो, मला दोन आठवडे दे."

मी नेहमी सांगते की प्रत्येक गोष्टीची चार उत्तरं घ्या. मी स्वतः काय करतो, तुझ्यासोबत कशाला नुसता उभा राहीन, काय अजिबात करणार नाही, आणि तू काय करावंस अशी माझी अपेक्षा आहे. भांडणं बहुतेक चौथ्यावर होतात, आणि विचारायचं राहतं तेही चौथंच. दुसरं म्हणजे मुलाचं उत्तर आणि घराचं उत्तर वेगळं असू शकतं. 'मला चालेल' म्हणणाऱ्याला लगेच विचारा, 'आणि आई नाही म्हणाल्या तर तू काय बोलशील?' अगदी शब्दांत.

राजकारणाचंही तसंच. मत कुणाला दिलं हे विचारूच नका, ते गुप्त असतं ते बरंच आहे. त्याने घरात काय बदलतं ते विचारा. निवडणुकीच्या महिन्यात तू प्रचाराला असतोस का? पक्षाला पैसे देतोस का? नात्यातल्या ग्रुपवर रोज काय टाकतोस? मुलं कुठल्या माध्यमात घालायची? आणि जातीबद्दल तर सरळच विचारा. आरक्षणावर मत विचारलंत तर तासभर आकडेवारी ऐकाल. 'माझी मैत्रीण दुसऱ्या जातीची आहे, ती चार दिवस आपल्याकडे राहायला आली तर तुमच्या स्वयंपाकघरात वावरेल का?' हे विचारलंत तर उत्तर एका वाक्यात येतं. नाही आलं, तर ते न येणंही उत्तरच.

एक प्रश्न मला फार आवडतो. 'राजकारणावरून घरात तुझं कुणाशी पटत नाही? त्यांच्याशी तू कसा बोलतोस?' काका वेगळ्या पक्षाचे आहेत, आम्ही भांडतो आणि मग एकत्र जेवतो, असं कुणी सांगितलं तर मतं कितीही टोकाची असली तरी मला काळजी वाटत नाही. पण 'काकांना अक्कलच नाही, मी त्यांना ब्लॉक केलंय' असं ऐकलं, तर तुमची मतं जुळत असली तरी थांबा. आज जुळतायत. उद्या एखाद्या बाबतीत न जुळली की काकांच्या जागी तुम्ही.

अर्थात काही उत्तरांवर 'कुठपर्यंत' विचारण्यासारखं काही उरत नाही. 'लग्नानंतर तुझं ते सगळं बदलेल' असं कुणी हसत हसत म्हणालं, तर त्याला पटवायला बसू नका. चहाचे पैसे द्या आणि निघा.

त्या दोघांचं काय झालं हे तुम्ही विचारणारच. सोळाव्या दिवशी त्याचा फोन आला. आईने घरात वावरायला, पंगतीत बसायला हो म्हटलं होतं, गौरीचा दिवस सोडून. त्या एका दिवसाचं काय, यावर तिने आठवडाभर विचार केला आणि नाही कळवलं. त्याला वाईट वाटलं, तिलाही. पण पत्रिका छापल्या नव्हत्या, आणि दोन्ही घरांत कुणाचं कुणाशी बोलणं बंद झालं नाही.