शोकप्रस्तावाचे शब्द आणि सभेची शिस्त

(शेवगाव येथे संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ग्रंथालय असो, सहकारी सोसायटी असो, देवस्थानाचा विश्वस्त मंडळ असो किंवा एखाद्या परिवार संस्थेची तालुका शाखा असो, वार्षिक सभेच्या प्रारंभी एक वाक्य हमखास कानी पडते. ‘गेल्या वर्षभरात दिवंगत झालेल्या ज्ञात-अज्ञात सर्वांना ही सभा श्रद्धांजली अर्पण करीत आहे.’ सारे उभे राहतात, अर्ध्या मिनिटात खाली बसतात आणि मागील इतिवृत्ताच्या वाचनास आरंभ होतो. या वाक्यातील ‘अज्ञात’ हा शब्द क्षणभर थांबून तपासावयास हवा. दंगलीत, भूकंपात किंवा युद्धात प्राण गमावलेल्यांची नावे ठाऊक नसतात, तेथे तो शब्द योग्य आहे. संस्थेचा सभासद मात्र संस्थेला अज्ञात नसतो. त्याचे नाव, पत्ता आणि प्रवेशाची तारीख सभासद-नोंदवहीत लिहिलेली असते. आयुष्यभर वर्गणी भरणाऱ्या, सभेच्या सतरंज्या घालणाऱ्या माणसाची संस्थेच्या दप्तरातील शेवटची नोंद ‘अज्ञात’ या शब्दाने होत असेल, तर तो दोष चिटणीसांच्या टिपणातील आहे आणि तो सहज टाळता येतो.

त्यासाठी नोंदवहीच्या शेवटी एक पान राखून ठेवावे. निधनाची वार्ता आली की त्याच दिवशी पूर्ण नाव, सभासद क्रमांक आणि निधनाची तिथी अथवा दिनांक त्यावर लिहावा. वार्षिक सभेपूर्वी ही यादी घरच्या मंडळींकडून पडताळून घ्यावी. नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह नोंदवहीप्रमाणे असावे, गावात रूढ असलेले नाव ‘तथा’ घालून पुढे लिहावे. सभेत नावे निधनाच्या क्रमाने वाचावीत. मानाच्या क्रमाने वाचली की पहिल्या दोन-तीन नावांनंतर ‘इत्यादी’ येते, आणि ज्यांची नावे अन्यत्र कोठेही छापली जाणार नाहीत, नेमके तेच सभासद त्या ‘इत्यादी’त जातात.

शोकप्रस्ताव केव्हा मांडावा, यालाही क्रम आहे. अध्यक्ष स्थानापन्न झाले, गणपूर्ती झाल्याची खात्री झाली, म्हणजे सभा अस्तित्वात येते. त्यानंतर, परंतु मागील इतिवृत्त कायम करण्यापूर्वी, शोकप्रस्ताव घ्यावा. गणपूर्तीपूर्वी वाचलेला मजकूर ही जमलेल्या मंडळींची भावना होय, तो संस्थेचा ठराव ठरत नाही. प्रस्ताव अध्यक्षस्थानावरून मांडला जाणे उत्तम. त्यावर मतदान नसते, दुरुस्तीची सूचना नसते. सभासदांनी उभे राहणे हीच संमती असते आणि इतिवृत्तात ‘सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली’ असे नमूद होते. निधन पावलेल्याविषयी कोणास बोलावयाचे असेल तर वाचनापूर्वी बोलावे. मौनानंतर पुन्हा भाषणे सुरू झाली की सभेचे गांभीर्य ओसरते.

दोन मिनिटांचे मौन ही प्रथा मूळची आपली नव्हे. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटिश साम्राज्यात ती प्रथम पाळली गेली. पुढे आपण ती स्वीकारली, आणि ३० जानेवारीस सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी देशभर दोन मिनिटे मौन पाळले जाते. प्रथा स्वीकारली तर ती पुरी पाळावी. अध्यक्षांनी समोर घड्याळ ठेवावे. अंदाजाने पाळलेले मौन बहुधा अर्ध्या मिनिटात संपते, आणि समोर बसलेल्या मुलाला किंवा भावाला ते जाणवते. मौनाच्या अखेरीस शांतिमंत्र म्हणावा, म्हणजे ते कोठे संपले याविषयी कुजबुज होत नाही.

आता मजकुराकडे वळू. शोकप्रस्तावाची चार अंगे असतात. व्यक्तीची ओळख, तिचे कार्य, कुटुंबीयांविषयी सहवेदना व प्रार्थना, आणि ठरावाची प्रत कुटुंबीयांस पाठविण्याचा निर्देश. शेवगावकरांना परिचित असे एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष बाळासाहेब भारदे हे शेवगावचे. २००६ साली त्यांचे निधन झाले. येथील एखाद्या ग्रंथालयाने तेव्हा ठराव करावयाचा तर घाईत पुढीलप्रमाणे लिहिले गेले असते : ‘थोर विचारवंत, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, दीनदुबळ्यांचे कैवारी बाळासाहेब यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ या वाक्यातील नाव बदलले तर ते महाराष्ट्रातील कोणत्याही पुढाऱ्यास लागू पडेल. बाळासाहेबांविषयी त्यात एकही गोष्ट नाही.

तोच ठराव असा लिहिता येतो :

‘महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष, शेवगावचे ज्येष्ठ नेते श्री. त्र्यंबक शिवराम तथा बाळासाहेब भारदे यांच्या निधनाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते. १९६२ ते १९७२ अशी सलग दोन विधानसभांमध्ये त्यांनी अध्यक्षपदाची धुरा वाहिली. गांधीविचारांवर त्यांची निष्ठा होती. भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात ही सभा सहभागी आहे. दिवंगत आत्म्यास परमेश्वर सद्गती देवो, अशी प्रार्थना ही सभा करते. या ठरावाची प्रत त्यांच्या कुटुंबीयांकडे पाठविण्यात यावी.’

यात एकही विशेषण ओढूनताणून आणलेले नाही आणि प्रत्येक विधान पडताळून पाहता येते. सामान्य सभासदासाठीही हीच रीत वापरावी. ‘निष्ठावान कार्यकर्ता’ एवढेच लिहिण्याऐवजी त्याने किती वर्षे वाचनालयाचे हिशेब ठेवले, कोणत्या वस्तीत संस्कारवर्ग चालविला, हे एका वाक्यात लिहावे. ‘पोकळी’ लिहावयाचीच असेल, तर कोणते काम आता थांबले आहे ते लिहावे. ते सांगता येत नसेल तर तो शब्द गाळावा.

बाळासाहेबांच्या उदाहरणात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. ते काँग्रेसचे होते, गांधीवादी होते. ठराव करणारी मंडळी वेगळ्या विचारांची असतील तर काय लिहावे? यासाठी २९ मे १९६४ हा दिवस आठवावा. पंडित नेहरूंच्या निधनानंतर राज्यसभेत जनसंघाचे तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी बोलले. त्यांनी मतभेद लपविले नाहीत, तसेच ते उगाळलेही नाहीत. नेहरूंचा प्रामाणिकपणा, देशप्रेम आणि धैर्य यांना त्यांनी मनःपूर्वक वंदन केले. शोकप्रस्ताव हा जीवनकार्याचा निवाडा नसतो. दिवंगत व्यक्ती आपल्या विचारांची होती असा आभास निर्माण करणे जितके अनुचित, तितकेच तिच्या निधनाचे निमित्त करून वाद काढणेही अनुचित. संघाच्या अखिल भारतीय प्रतिनिधी सभेतही प्रारंभी वर्षभरातील दिवंगतांचे स्मरण होते आणि त्यात केवळ स्वयंसेवकांची नावे नसतात. मार्च २०२५ मध्ये बेंगळुरू येथील सभेत माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि तबलावादक झाकीर हुसेन यांनाही श्रद्धांजली वाहण्यात आली.

याच्या नेमके उलट उदाहरण १९६६ सालचे आहे. २६ फेब्रुवारीस स्वातंत्र्यवीर सावरकरांनी देह ठेवला. लोकसभेत त्यांना आदरांजली वाहावी अशी मागणी पुढे आली. ते सदनाचे सदस्य नव्हते या कारणास्तव ती मान्य झाली नाही. नियमाच्या आधाराने हे घडले आणि त्याचा सल आजही अनेकांच्या मनात आहे. यातून संस्थांनी घ्यावयाचा धडा व्यवहारी आहे. सभासदांसाठी एक ठराव आणि समाजातील अन्य मान्यवरांसाठी दुसरा, अशी दोन स्वतंत्र कलमे कार्यकारिणीने आधीच ठरवून ठेवावीत. ऐनवेळी ‘हे आपले सभासद होते का?’ असा प्रश्न भर सभेत उपस्थित होणे हा दिवंगताचाही अवमान आहे आणि सभेचाही.

शब्दांच्या निवडीत आपल्या भाषेने पुष्कळ सोय करून ठेवली आहे. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकरी संप्रदायातील माळकऱ्यासाठी ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी, हेच योग्य. पैठणच्या वाटेवरील या तालुक्यात कीर्तनकारास ‘कै.’ लिहिले तर घरच्यांना ते खटकते. संन्याशासाठी ‘ब्रह्मलीन’, सीमेवर पडलेल्या जवानासाठी ‘वीरमरण’ हे शब्द आहेत. मुस्लिम सभासदासाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती सभासदासाठी ‘ख्रिस्तवासी’ असे मराठीत रूढ आहे. शंका असेल तेथे ‘दिवंगत’ हा शब्द सर्वांस चालतो. पुण्यतिथीस ‘आदरांजली’, जयंतीस ‘अभिवादन’ आणि निधनानंतरच्या सभेत ‘श्रद्धांजली’ हा भेद पाळावा. मृत्यूचे कारण ठरावात लिहू नये. ते कुटुंबाचे खासगी दुःख असते आणि बहुधा ऐकीव माहितीवर लिहिले जाते.

अखेरची एक सूचना सहकारी संस्थांसाठी. शोकप्रस्तावाने कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही. मृत सभासदाचे भाग वारसाकडे वर्ग करण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० मध्ये आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, असल्यास नामनिर्देशन, व स्वतंत्र ठराव लागतो. शोकप्रस्तावाची प्रत हाती आल्यावर काही कुटुंबांचा समज होतो की काम झाले. म्हणून प्रत पाठविताना, काही दिवसांनी, वेगळ्या पत्राने ही माहिती कळवावी. त्याचप्रमाणे, दिवंगत व्यक्ती पदाधिकारी असेल तर रिक्त पद भरण्याचा विषय त्याच सभेत लगोलग घेऊ नये. विद्यमान सदस्याचे निधन झाले असता विधिमंडळे शोकप्रस्तावानंतर कामकाज तहकूब करतात, ती मर्यादा येथेही शोभते.

ठरावाची प्रत टपालाने पाठविण्याची रीत आहे. शेवगावसारख्या गावात मात्र अध्यक्ष व चिटणीस यांनी ती स्वतः घरी नेऊन द्यावी, शक्यतो तेराव्यानंतर, जेव्हा पाहुणे परतलेले असतात आणि घर रिकामे झालेले असते. दिवंगताच्या पत्नीने किंवा मुलाने तो कागद वाचला, तर त्यात आपल्याच माणसाचे वर्णन आहे असे त्यांना वाटले पाहिजे. ठराव वाचण्यापूर्वी चिटणीसांनी मनाशी एवढीच कसोटी लावावी.