दिवाळीची पोस्त : सांगावी कशी?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची मला सवय नाही. म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक आणि त्यातून मी काय शिकले, तेवढेच सांगते.

२०१९ सालच्या दिवाळीची गोष्ट. आमच्याकडे धुणे-भांड्यांना येणाऱ्या बाईंचा पगार तेव्हा १८०० रुपये होता. "दिवाळीला एक पगार जास्त देईन हो," असे मी त्यांना म्हटले होते. गणपतीत त्यांनी १००० रुपये उचल घेतली होती. धनत्रयोदशीला मी ती उचल कापून घेतली आणि ८०० रुपये पाकिटात घालून दिले. माझ्या मते हिशेब चोख होता! बाईंनी पैसे मोजले, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी मुलीचा फ्रॉक दुकानात बाजूला काढून ठेवायला सांगितला होता, तो नको म्हणून कळवावे लागले, हे मला भाऊबीजेनंतर कळले. पैशापेक्षा माझे सांगणे अपुरे पडले होते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी आधीच स्पष्ट सांगते : रक्कम किती, कोणत्या दिवशी मिळेल, आणि त्यातून काही कापणार की नाही. "बघू काहीतरी", "तुम्हांला खूश करीन" असे मोघम बोलत नाही. आपली बाई चार घरी काम करते. चारही घरांनी आकडा आधी सांगितला, तरच तिला बेरीज करून बाजार करता येतो. म्हणून वसुबारसेच्या पंधरा दिवस आधी सांगावे आणि निदान आठ दिवस आधी पैसे हातात द्यावेत. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दिलेल्या पैशांतून ती खरेदी कधी करणार?

सांगताना दारात, शेजारणींच्या देखत सांगू नये. काम आटोपल्यावर बसायला सांगावे, पाणी द्यावे. मी असे म्हणते :

"मावशी, दिवाळीचं सांगायचं होतं. तुमचा एक महिन्याचा पगार, २४०० रुपये, दिवाळीचा बोनस म्हणून येत्या रविवारी देईन. नेहमीचा पगार वेगळा. यातून उचल किंवा खाडे कापणार नाही. पाडवा आणि भाऊबीज तुम्हांला सुट्टी. पैसे हातात देऊ की बँकेत भरू?"

एवढे बोलून थांबावे. "आता पहाटेच्या फराळाला मदतीला यायचं हं!" असे शेपूट लावले की बोनसची मजुरी होते. जास्तीचे काम हवेच असेल, तर दुसऱ्या दिवशी विचारावे आणि त्याचे पैसे वेगळे ठरवावेत. उचलीची फेडही अशीच दिवाळीनंतर, महिन्याला किती कापायचे ते दोघींनी ठरवून. शेवटचा प्रश्न मात्र मुद्दाम विचारावा. काही जणींना पैसे घरच्यांच्या नजरेस पडायला नको असतात, तर काहींना बँकेत जायला वेळ नसतो. त्यांचे त्यांनाच ठाऊक.

नवीन बाईंचे काय, असे मला विचारतात. आमच्या स्वयंपाकाच्या बाई मार्चपासून लागल्या. पगार २४००. बारा महिन्यांनी भागले की महिन्याचे २०० होतात. मार्च ते ऑक्टोबर आठ महिने, म्हणजे १६००. हे मी त्यांना बोटांवर मोजून सांगितले आणि "पुढल्या वर्षी पूर्ण पगार" असेही म्हटले. कमी का, हे कळले की मनात किंतू राहत नाही. ज्यांना पूर्ण पगार झेपत नाही, त्यांनी अर्धा द्यावा. पण आकडा तेवढ्याच स्पष्टपणे आणि तेवढाच आधी सांगावा. घरकामाला बोनस द्यावा असा कायदा नाही, ती आपल्याकडची रीत आहे. म्हणूनच तो मिळेल की नाही, या विचारात बाईंना ठेवू नये.

पाकिटावर मी दोन ओळी लिहिते : "वर्षभराच्या कामाबद्दल दिवाळी बोनस, रु. २४००. पगार वेगळा." वाचता येत नसेल तर वाचून दाखवते. "बक्षीस" किंवा "मदत" हे शब्द लिहीत नाही, कारण ते पैसे वर्षभराच्या कामाचे आहेत. साडी द्यायची असेल तर रंग विचारून नवी द्यावी, आणि ती बोनसऐवजी आहे की बोनसशिवाय, तेही बोलावे. आपल्या जुन्या साड्या दिवाळीच्या दिवशी देऊ नयेत. त्या एरवी, हव्यात का असे विचारून द्याव्यात.

गेल्या दिवाळीत माझे सांगून झाल्यावर आमच्या मावशी म्हणाल्या, "बाई, आता मुलाचे बूट आजच सांगून ठेवते." मला २०१९ सालचा तो फ्रॉक आठवला. तो काही मला परत आणून देता आला नाही.