चौदा महिने थांबलेला पेपर आणि तो परत मागणारं पत्र

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला होता. त्याचा पेपर एका जर्नलकडे अकरा महिने पडून आहे, काहीच कळत नाही, तर तो सरळ दुसरीकडे पाठवून दिला तर चालेल का? उत्तर आहे, नाही. पण नुसतं नाही म्हणून उपयोग नाही, कारण हाच प्रश्न मीही विचारला होता. त्यामुळे आज माझीच गोष्ट सांगतो. जर्नलचं नाव घेणार नाही.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या प्रोजेक्ट पार्टनरने कांद्याच्या भावाचा अंदाज बांधणारं एक मॉडेल केलं होतं. लासलगाव बाजार समितीची रोजची आवक आणि सर्वसाधारण भाव, अॅगमार्कनेटवरून उतरवलेला डेटा, 2010 पासून 2021 पर्यंतचा. नोकरी लागल्यावर शनिवार-रविवारी बसून आम्ही ते नीट केलं, गाइड मॅडमनी तीनदा लाल पेनाने रंगवून परत दिलं, आणि ऑगस्ट 2022 मध्ये पेपर सबमिट झाला. कॉरस्पाँडिंग ऑथर मी. म्हणजे जर्नलशी सगळा पत्रव्यवहार माझ्या मेलवरून.

आठवड्याभरात पोर्टलवर With Editor असं दिसायला लागलं. ऑक्टोबरमध्ये Under Review झालं. आम्ही वडापाव खाऊन साजरं केलं. आणि मग ते दोन शब्द तिथेच चिकटून बसले.

आता Under Review म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुणीतरी रोज थोडा थोडा वाचतंय. प्रत्यक्षात एडिटर हे बहुतेक वेळा स्वतःची नोकरी सांभाळणारे प्राध्यापक असतात. ते त्या विषयातल्या लोकांना मेल करून विचारतात, वाचाल का? वाचणाऱ्याला सहसा पैसे मिळत नाहीत. त्यामुळे काही जण नाही म्हणतात, काही जण उत्तरच देत नाहीत, आणि काही जण हो म्हणून गायब होतात. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण जागा भरलेली दिसते आणि काम होत नाही. साधारण दोन किंवा तीन अहवाल आल्याशिवाय एडिटर निर्णय देत नाहीत. म्हणजे एक माणूस गायब झाला तरी पेपर अडकतो. स्टेटसच्या शब्दापेक्षा शेजारची तारीख बघायची, ही गोष्ट मला मॅडमनी शिकवली. आत काही हललं की बऱ्याच पोर्टलवर ती तारीख बदलते. आमची जानेवारी 2023 ला बदलली आणि नंतर गोठली.

किती उशीर म्हणजे फार उशीर? हे विषयावर आहे. गणितात वर्षभर लागलं तर कुणी भुवया उंचावत नाही. आमच्यासारख्या विषयात सहा महिन्यांनी चौकशी केली तर कुणी उद्धट म्हणणार नाही. मार्चमध्ये मी पहिली विचारणा केली. ऑफिसकडून छापील उत्तर आलं, एडिटरना कळवलं आहे. जुलैमध्ये पुन्हा विचारलं. यावेळी खरं उत्तर मिळालं: एक अहवाल आला आहे, दुसऱ्याची वाट पाहतोय.

इथपर्यंत मी शांत होतो. मग ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. नाशिक भागात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कांदा आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. आमचा डेटा 2021 ला संपत होता. पेपर जितका जास्त पडून राहणार, तितका तो शिळा होणार. आणि गंमत म्हणजे उद्या दुसरा रिव्ह्यूअर आला असता तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की एवढा जुना डेटा का?

पार्टनर म्हणाला, "अरे, दुसरीकडे टाकून दे ना. हे काही उत्तर देत नाहीयेत. कोणाला कळणारे?"

खरं सांगतो, मी दुसऱ्या जर्नलच्या पोर्टलवर अकाउंट उघडलंही होतं. मॅडमना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कांद्याच्या भावावर काम करणारी माणसं किती आहेत रे? दुसऱ्या जर्नलने पेपर त्याच माणसाकडे पाठवला, ज्याने आधीचा अहवाल लिहिलाय, तर?" मी गप्प. सबमिट करताना आपण एका चौकोनावर टिक करतो, की हा पेपर सध्या दुसरीकडे कुठेही विचाराधीन नाही. ती टिक खोटी निघाली तर दोन्हीकडून पेपर नाकारला जातो आणि प्रकरण संस्थेपर्यंत जाऊ शकतं. माझं काय, मी कोड लिहून पोट भरतो. नाव मॅडमचं गेलं असतं.

ज्यांनी मल्टिथ्रेडिंग केलंय त्यांना एका वाक्यात: पेपरवर जर्नलचं लॉक असतं, आणि ते सुटल्याची खात्री होईपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नसतो. उशीर झाला म्हणून लॉक आपोआप सुटत नाही. ते मागावं लागतं. मागायचं साधन म्हणजे हे पत्र.

माझा पहिला मसुदा वाचून दाखवत नाही, लाज वाटते. त्यात "आमची चौदा महिन्यांची मेहनत वाया घालवलीत" असं वाक्य होतं, आणि शेवटी "तरी दोन आठवड्यांत निर्णय दिल्यास आम्ही पुनर्विचार करू" असंही होतं. मॅडमनी दुसऱ्या वाक्यावर जास्त हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, विचारणा आणि माघार ही दोन वेगळी पत्रं आहेत. एकाच पत्रात दोन्ही टाकलं की समोरच्याला कळत नाही की पेपर आहे की गेला. एडिटरने ते विचारणा समजून रिव्ह्यूअरला आठवण पाठवली आणि तुम्ही ते माघार समजून दुसरीकडे सबमिट केलं, की झाला घोटाळा.

म्हणून आधी 22 सप्टेंबरला शेवटची विचारणा गेली. त्यात तारीख दिली: 13 ऑक्टोबरपर्यंत निर्णयाचा अंदाज कळला नाही तर आम्हाला पेपर मागे घेण्याचा विचार करावा लागेल. तीन आठवडे. उत्तर आलं नाही. तरी 16 तारखेला सकाळी, पत्र पाठवण्याआधी, मी पोर्टल पुन्हा उघडून पाहिलं. हे महत्त्वाचं आहे. तिथे Required Reviews Completed दिसलं असतं तर आम्ही थांबलो असतो, कारण अहवाल पूर्ण झालेत आणि निर्णय दारात आलाय असा त्याचा अर्थ. अशा वेळी पेपर ओढून घेणं म्हणजे पंगत वाढल्यावर उठून जाणं. आमचं Under Reviewच होतं.

मूळ पत्र इंग्रजीत होतं, इथे मराठीत वाचतो. विषयाच्या ओळीत पेपरचा क्रमांक आणि "हस्तलिखित मागे घेण्याची विनंती", एवढंच.

"आदरणीय संपादक, वरील क्रमांकाचा आमचा पेपर आम्ही ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याकडे सादर केला होता. मार्च, जुलै आणि सप्टेंबर 2023 मध्ये आम्ही त्याच्या स्थितीबद्दल विचारणा केली होती. योग्य परीक्षक मिळवणं किती अवघड असतं याची आम्हाला जाणीव आहे. मात्र चौदा महिने उलटल्यामुळे आणि आमचा डेटा कालसापेक्ष असल्यामुळे आम्ही हा पेपर विचारातून मागे घेऊ इच्छितो. या निर्णयाला तिन्ही लेखकांची संमती असून दोघे सहलेखक या मेलच्या प्रतीत आहेत. पेपर मागे घेतल्याची आणि तो आता आपल्याकडे विचाराधीन नसल्याची लेखी पुष्टी कृपया द्यावी. आपण आणि परीक्षकांनी दिलेल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार."

बस. यात तक्रार नाही, पण तारखा आहेत. तारखा ठेवल्या की विशेषणं लागत नाहीत. उद्या कुणी विचारलं की का मागे घेतला, तर ती तीन विचारणांची ओळ पुरेशी आहे. सहलेखकांची संमती लिहिली नाही तर ऑफिस तीच मागायला परत मेल करतं, आणि त्यात आणखी आठवडा जातो. सगळ्यात कामाची ओळ मात्र पुष्टीची. "आम्ही मागे घेत आहोत" असं आपण लिहिल्याने पेपर मागे येत नाही, त्यांनी "घेतला" असं लिहिल्यावर येतो. आभाराची ओळ मला आधी ढोंगी वाटली होती. पण एका माणसाने आमचा पेपर फुकटात वाचून अहवाल लिहिला होता. तो आम्हाला दिसलाही नाही, पण त्याची काय चूक?

पाच दिवस काही नाही. मी पुन्हा मेल केला, यावेळी मुख्य संपादक आणि जर्नलचं ऑफिस, दोघांना, आधीचं पत्र खाली जोडून. नवव्या दिवशी उत्तर आलं. पोर्टलवर Withdrawn दिसलं. मी मेलची पीडीएफ करून ठेवली आणि पोर्टलचा स्क्रीनशॉट काढला, सवय म्हणून.

एक गोष्ट जाता जाता. काही फसव्या जर्नलांचा धंदाच असा असतो की पेपर मागे घ्यायचा म्हटलं की माघारीचं शुल्क मागतात. तसं झालं तर घाबरून पैसे पाठवू नका. तुमच्या लेखी मागणीची तारीख जपून ठेवा आणि गाइडना, कॉलेजला दाखवा. आणि हे सगळं पेपर स्वीकारला जाण्याच्या आधीचं आहे. स्वीकृतीनंतर मागे घेणं कठीण होतं, आणि छापून आल्यावर तर त्याला रिट्रॅक्शन म्हणतात. तो वेगळाच मामला आहे, त्याला असलं पत्र चालत नाही.

तर त्या एडिटरचं उत्तर. मला वाटलं होतं छापील असेल. चार ओळी होत्या. त्यांनी माफी मागितली होती, आणि लिहिलं होतं की दुसऱ्या परीक्षकाने होकार दिला होता पण अहवाल कधीच पाठवला नाही, आणि त्यांनी पर्याय शोधायला हवा होता. आलेला एक अहवाल हवा असेल तर पाठवतो, असंही म्हणाले.

आम्ही हो म्हटलं. तो मागितल्यावरच मिळाला, चोरून वापरलेला नाही, म्हणून बिनधास्त वापरला. त्या अहवालात दुसऱ्याच मुद्द्यावर लिहिलं होतं: निर्यातीच्या धोरणाचा परिणाम मॉडेलमध्ये कुठेच नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये जे आम्हाला बातम्यांतून कळलं, ते या माणसाने कित्येक महिने आधी लिहून ठेवलं होतं. पार्टनरने ते वाचून मला फक्त एक शिवी टाइप करून पाठवली.

डेटा 2023 पर्यंत वाढवून, धोरणाचा भाग घालून पेपर दुसरीकडे गेला. तिथला पहिला निर्णय चौथ्या महिन्यात आला, मेजर रिव्हिजन. ज्या श्रोत्याने विचारलं होतं त्याला: आधी पोर्टलवरची तारीख बघ, आणि काय दिसतंय ते मला कळव. भेटू पुढच्या भागात.