सोनं तेवढंच, मग सराफाला कर्ज जास्त का लागतं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. सोनं महागलं की सराफाची तर चांदीच, मग तो बँकेत लिमिट वाढवून मागायला का जातो?

खरं सांगू का, मलाही आधी असंच वाटायचं. कोल्हापुरात गुजरीत माझ्या मित्राच्या वडिलांचं दुकान आहे. त्यांच्यासाठी मी बँकेला दर महिन्याला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. मी ग्रॅम गुणिले आजचा भाव असं सरळ गणित केलं. काका बघून हसले. म्हणाले, "अरे, बँक असं धरत नाही. खरेदीची किंमत आणि बाजारभाव, यातलं जे कमी असेल ते धरते." म्हणजे तिजोरीतलं जुनं सोनं आज दुप्पट भावाचं असलं, तरी ते विकून नवीन भरेपर्यंत कागदावर जुन्याच किमतीला राहतं.

आता सोपे आकडे घेऊ. २०२३ च्या शेवटी १० ग्रॅमचा भाव साठ हजारांच्या आसपास होता. २०२५ च्या ऑक्टोबरात तो १ लाख २० हजारांच्या पुढे गेला. म्हणजे ढोबळमानाने दुप्पट. समजा, दुकानात २ किलो सोनं आहे. जुन्या भावाने त्याचे होतात १ कोटी २० लाख. बँक त्यातला २५ टक्के मार्जिन कापते आणि ९० लाखांपर्यंत पैसे उचलू देते. याला म्हणतात ड्रॉइंग पॉवर. मंजूर सीसी लिमिटही ९० लाखच धरू. उरलेले ३० लाख काकांचे स्वतःचे.

आता भाव दुप्पट झाला. काकांनी २ किलो विकलं, २ कोटी ४० लाख आले. दुकान भरलेलं ठेवायचं म्हणून तेवढंच सोनं परत घेतलं, २ कोटी ४० लाख गेले. मजुरी, जीएसटी बाजूला ठेवू. हिशेब जुळला ना? मग अडलं कुठे?

अडलं ते इन्कम टॅक्सवर. वहीत १ कोटी २० लाख नफा दिसतो. सरचार्ज, सेस सोडून ३० टक्के धरला, तरी ३६ लाख कर. आणि नफा कुठे आहे? शोकेसमध्ये, सोन्याच्या रूपात. गल्ल्यात नाही. कर मात्र रोख भरायचा. मग एकतर ३०० ग्रॅम सोनं मोडायचं, म्हणजे दुकान रिकामं करायचं, किंवा बँकेकडून जास्त उचलायचं.

दुसरी गोष्ट लग्नाच्या बुकिंगची. गिऱ्हाईक १०० ग्रॅमची ऑर्डर देतं, २० टक्के ॲडव्हान्स भरतं आणि भाव बांधून घेतं. भाव आणखी चढला तर नुकसान नको, म्हणून काका त्याच दिवशी सोनं उचलतात. जुन्या भावाला त्यात त्यांचे ४ लाख ८० हजार अडकायचे. आता ९ लाख ६० हजार अडकतात. गिऱ्हाईक तेच, दागिना तोच. अशा दहा ऑर्डरी आल्या की बघा काय होतं.

आता तुम्ही म्हणाल, नवीन स्टॉक तर २ कोटी ४० लाखांना घेतलाय, मग ड्रॉइंग पॉवर १ कोटी ८० लाख झाली की! झाली. पण उचल मिळते ती ड्रॉइंग पॉवर आणि मंजूर लिमिट यातली जी कमी असेल तेवढीच. लिमिट अजून ९० लाखच आहे. ते रुपयांत मंजूर होतं, ग्रॅममध्ये नाही. त्याच ९० लाखांत आधी दीड किलो सोनं यायचं, आता पाऊण किलो येतं. म्हणून काकांना ताळेबंद, विक्रीचे आकडे आणि जादा तारण घेऊन नवीन मंजुरीसाठी जावं लागतं.

बँक मागेपुढे का बघते, तेही समजून घ्या. समजा लिमिट १ कोटी ८० लाख केलं, काकांनी ते पूर्ण वापरलं आणि भाव १० टक्क्यांनी पडला. आता बाजारभाव कमी, म्हणून तोच धरायचा. स्टॉक २ कोटी १६ लाखांचा, ड्रॉइंग पॉवर १ कोटी ६२ लाख. म्हणजे १८ लाख लगेच भरा, नाहीतर खातं अनियमित. गंमत बघा, भाव चढला की ड्रॉइंग पॉवर नवीन माल भरेल तशी हळूहळू वाढते, पण पडला की पुढच्याच स्टेटमेंटला खाली येते.

म्हणून काका लिमिट मिळालं तरी सगळं वापरत नाहीत. आणि वर्षअखेरीला नफा बघायच्या आधी वजन बघतात. गेल्या वर्षी कर्ज फेडून स्वतःचं किती ग्रॅम होतं आणि आज किती आहे? रुपये वाढले आणि ग्रॅम घटले, तर धंदा वाढलेला नाही, नुसता भाव वाढलाय.

मी प्रोग्रॅममध्ये आता तो एक कॉलम टाकलाय. चला, भेटू पुढच्या भागात!