जाळ्याच्या आराखड्यातील एकमेव दुवा

कार्यालयीन संगणक-जाळ्याच्या आराखड्याचे छायाचित्र हाती आले, की त्यातील एकेक चौकट बोटाने झाकावी आणि कोणते संगणक तुटतात ते पाहावे. समजा, तीन मजल्यांवरील तीन स्विच प्रत्येकी दोन रेघांनी दोन मुख्य स्विचना जोडले आहेत. मजल्यावरचा स्विच झाकला, तर तेवढाच मजला तुटतो. एक मुख्य स्विच झाकला, तरी दुसऱ्याचा मार्ग उरतो. परंतु दोन्ही मुख्य स्विच एकाच फायरवॉलला मिळतात. ती झाकताच पलीकडच्या दोन्ही इंटरनेट जोडण्या, दोन असूनही, निरुपयोगी ठरतात. दुहेरी रेघांवरही बेतानेच विसंबावे. दोन्ही तारा एकाच नळीतून गेल्या आहेत काय, दोन्ही मुख्य स्विच एकाच यूपीएसवर आहेत काय, हे छायाचित्रात बहुधा दिसत नाही. त्यासाठी जागेवर जाऊन तारेचा माग काढावा लागतो.