जळलेल्या रानाचे मोजमाप : दोन उपग्रह-चित्रांची वजाबाकी



कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील डोंगर माघ-फाल्गुनात दोन कारणांनी उघडे पडतात. पहिले कारण ऋतूचे. साग, ऐन, पळस आपली पाने गाळतात आणि उतारावरील गवत वाळून जाते. दुसरे कारण वणव्याचे. ढाक, सोंडाई, इर्शाळ यांच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला या दोहोंतील भेद सहज कळतो. आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला मात्र तो तितक्या सहजतेने कळत नाही. जळलेल्या क्षेत्राचा नकाशा करताना सर्वांत मोठी चूक होते ती येथेच.

वणवा लागल्याची सूचना देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनखात्याला मिळत असते. ज्या उपग्रहांवरून ती मिळते त्यांपैकी एका उपकरणाच्या चित्रातील एक चौकोन सुमारे ३७५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे जवळजवळ १४ हेक्टरांचा असतो. त्या चौकोनात कोठेतरी उष्णता आढळली, एवढेच ती सूचना सांगते. त्यातील अर्धा हेक्टर जळला की सर्व चौदा, हे तीवरून ठरत नाही. पंचनाम्याला आणि पुनर्लागवडीच्या अंदाजपत्रकाला मात्र क्षेत्राचा आकडा लागतो. त्यासाठी वणव्यापूर्वीचे एक आणि नंतरचे एक अशी दोन चित्रे घ्यावी लागतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची अशी चित्रे विनामूल्य मिळतात.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. त्याहून लांब लहरींचे लघुतरंग अवरक्त किरण मात्र पानातील पाणी शोषून घेते. रान जळले की हे उलटते. पाने गेल्याने पहिल्या किरणांचे परावर्तन घटते, आणि ओलावा गेल्याने दुसऱ्यांचे वाढते. या दोहोंची सांगड घालणारे दाह-गुणोत्तर पुढीलप्रमाणे काढतात :

```
NBR  = (B8A - B12) / (B8A + B12)
dNBR = NBR(before) - NBR(after)
```

येथे B8A हा निकट-अवरक्त पट्टा आणि B12 हा लघुतरंग अवरक्त पट्टा होय. दोन्हींच्या चित्रातील चौकोन २० मीटरचा, म्हणजे ४०० चौरस मीटरचा आहे. गावच्या भाषेत तो सुमारे चार गुंठ्यांचा तुकडा झाला, आणि असे २५ चौकोन मिळून एक हेक्टर होतो. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून तयार झालेल्या चित्रांत मूळ आकड्यातून १००० वजा करून मग १०,००० ने भागावे लागते. ही वजाबाकी राहून गेली तर गुणोत्तर चुकते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पानझडी रानाच्या एका उतारावर B8A ०.२६ आणि B12 ०.१६ होते. गुणोत्तर ०.२४ आले. मार्चच्या मध्यावर वणवा लागला. त्यानंतरच्या चित्रात हेच आकडे ०.१५ आणि ०.२० झाले, आणि गुणोत्तर उणे ०.१४ वर उतरले. पहिल्यातून दुसरे वजा करता फरक ०.३८ येतो.

अमेरिकेत शंकूधारी वृक्षांच्या रानांवरून रूढ झालेल्या कोष्टकात ०.१० च्या वरचा फरक दाह दाखवतो, आणि ०.२७ च्या वरचा मध्यम दाह. त्या कोष्टकाप्रमाणे हा उतार मध्यम जळाला असे लिहिले जाईल. पण तत्पूर्वी शेजारचा, त्याच जातींच्या झाडांचा, त्याच दिशेला तोंड असलेला, परंतु आग न लागलेला उतार तपासला पाहिजे. तेथेही फेब्रुवारीत गुणोत्तर ०.२४ होते. मार्चमध्ये B8A ०.२२ आणि B12 ०.१८ झाल्याने ते ०.१० वर आले. फरक ०.१४. म्हणजे काडीही न जळता हा उतार त्या कोष्टकाने जळालेला ठरविला! सारी पानगळ नकाशात वणवा म्हणून उमटली, आणि क्षेत्राचा आकडा कित्येक पटींनी फुगला.

यावर उपाय असा की, न जळलेल्या उतारावरील फरक ऋतूचा हिस्सा मानून सर्वत्र वजा करावा. ०.३८ मधून ०.१४ गेले की ०.२४ उरतात. उतार जळाला हे खरे, पण दाह मध्यम नव्हे, सौम्य. न जळलेल्या उतारावर शून्य उरते आणि तो नकाशातून बाहेर पडतो. नमुन्याचा तुकडा मात्र एका चौकोनाचा नसावा. साग, मिश्र पानझडी आणि गवताळ माळ यांचे प्रत्येकी निराळे, शे-दोनशे चौकोनांचे तुकडे घ्यावेत, कारण प्रत्येकाची पानगळ निराळी असते. याहून चांगला मार्ग म्हणजे चित्रांमधील अंतरच कमी करणे. उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच ठिकाणावरून जाते. आकाश निरभ्र असल्यास आगीच्या अलीकडचे आणि पलीकडचे चित्र निवडता येते, आणि मग ऋतूचा हिस्सा नगण्य राहतो.

तरीही काही फसगती उरतात. राजनाल्याच्या पाण्यावरील उन्हाळी भात कापला की शेत जळाल्यासारखे दिसते. म्हणून वनहद्दीबाहेरचे क्षेत्र आरंभीच वगळावे. राबाची भाजणी दोन-चार गुंठ्यांत होते, म्हणजे एका चौकोनात किंवा त्याहूनही कमी जागेत. सुटा काळा चौकोन दिसला म्हणून तेथून वणवा निघाला असा निष्कर्ष काढणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे ठरेल. नकाशा जळलेली जागा दाखवतो. आग कोणी लावली, हे तो सांगत नाही. याच्या उलट, माथेरानसारख्या सदाहरित छत्राखाली केवळ पालापाचोळा जळत गेला तर वरून काहीच दिसत नाही. कातळावरील गवताची राख वाऱ्याने उडते आणि काही आठवड्यांत खूण पुसट होते.

यासाठी प्रत्यक्ष पाहणी हवीच. नकाशाने जळलेले, न जळलेले आणि शंकास्पद ठरविलेले प्रत्येकी दहा-पंधरा चौकोन निवडावेत आणि मोबाईलवरील स्थाननोंद घेऊन तेथे जावे. खोडाचा बुंधा काळवंडला आहे काय, गवताच्या थोंबांची टोके कोळसली आहेत काय, हे पाहावे. न जळलेले चौकोन वारंवार जळलेल्यांत निघाले तर मर्यादेचा आकडा ०.१० वरून वर न्यावा. जळलेले सुटत असतील तर खाली आणावा. अमेरिकेच्या रानाचे कोष्टक आपल्या उतारांना लागू पडते की नाही, हे असेच ठरते.

समजा, या तपासणीनंतर ३०० चौकोन उरले. ३०० भागिले २५, म्हणजे १२ हेक्टर. पंचनाम्यात केवळ हा आकडा लिहू नये. दोन्ही चित्रांच्या तारखा, ऋतूसाठी केलेली वजावट, मर्यादेचा आकडा आणि पाहिलेल्या ठिकाणांपैकी किती ठिकाणी नकाशा चुकला, हेही लिहावे. तसे केल्यास दुसऱ्या कोणालाही तोच हिशेब पुन्हा करून पाहता येतो. हे सर्व काम मेअखेरपर्यंत आटोपले पाहिजे. जूनमध्ये ढग चित्र झाकतात, आणि ते हटेपर्यंत जळलेल्या उतारावर नवे गवत उगवून गेलेले असते.