एक पाठ, पाच शिक्षक, दोन शनिवार

(सायंकालीन अभ्यासवर्गांचे शिक्षक व मंडळीचे सभासद यांच्या संयुक्त सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या सत्रात आपले पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करणार आहेत. त्यासाठी दोन शनिवारी चार पाड्यांवरचे वर्ग बंद राहतील. हे वर्ग तुमच्या दानावर चालतात. म्हणून ते का बंद ठेवायचे आणि त्या दिवशी काय करायचे, हे तुम्हांला सांगणे मला आवश्यक वाटते.

ही पद्धत जपानची. तिथे तिला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात; जुग्यो म्हणजे पाठ आणि केन्क्यू म्हणजे अभ्यास. हिरोशिमा भागातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी हातच्याच्या वजाबाकीचा एक पाठ असा मिळून कसा घडवला, याचे सविस्तर वर्णन क्लिया फर्नांडिस आणि माकोतो योशिदा यांनी २००४ साली पुस्तकरूपाने दिले आहे. शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे पाहतात, मग पाठात दुरुस्ती करून दुसरा शिक्षक तो दुसऱ्या मुलांना शिकवतो. एवढेच एक चक्र.

आपणही हातच्याची वजाबाकीच घेतली आहे, कारण तिसरीतली आपली बरीच मुले अजून १३ − ९ बोटांवर मोजतात. बोटांवर उत्तर येते. पण पुढे ५३ − २९ आले की बोटे संपतात. तेराला ‘दहा आणि तीन’ असे पाहता आले, तरच पुढची वाट मोकळी होते. जपानी मुलाला त्याची भाषाच मदत करते: तेराला तो ‘जू-सान’, म्हणजे ‘दहा-तीन’ म्हणतो. आपल्या ‘तेरा’ या शब्दात दहा ऐकू येत नाही. त्यातून घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला हा शब्द शाळेत येऊन शिकावा लागतो. म्हणून पाठाचा हेतू आपण एका वाक्यात लिहिला आहे: मुलाने तेरातले दहा वेगळे पाहावेत आणि वजाबाकीसाठी वापरावेत.

आता आखणी. पहिल्या बैठकीत फक्त उदाहरण निवडायचे, आणि यात घाई करायची नाही. १२ − ३ दिले तर मूल तीन पावले मागे मोजून मोकळे होते. दहाची गरजच पडत नाही. १३ − ९ मध्ये नऊ पावले मागे मोजणे कंटाळवाणे असते आणि चुकतेही. उलट दहातून नऊ गेले की एक उरतो, हे चटकन दिसते. म्हणून १३ − ९.

दुसऱ्या बैठकीत पाठटाचण लिहायचे. नेहमीच्या टाचणात शिक्षक काय करील ते असते. इथे शेजारी आणखी एक रकाना असतो: मूल काय करील. आपण सहा शक्यता लिहिल्या आहेत. एक मूल तेरा रेघा ओढून नऊ खोडील. दुसरे तेरापासून मागे मोजील, आणि तेराच पहिला धरला तर पाच उत्तर काढील. तिसरे नवाच्या पुढे दहा, अकरा, बारा, तेरा असे चार मोजील. चौथे दहातून नऊ काढून उरलेल्या एकात तीन मिळवील. पाचवे आधी सुटे तीन काढील, मग दहातून सहा. सहावे मांडणी करून नवातूनच तीन वजा करील आणि सहा लिहील. प्रत्येक उत्तरापुढे शिक्षकाने कोणता प्रश्न विचारायचा, हेही लिहायचे.

हा रकाना चक्राचा कणा आहे. तो नसला तर पाहणारे शिक्षकाकडेच पाहत बसतात: फळ्यावरचे अक्षर कसे, आवाज कसा. मग चर्चेत एक तर कौतुक होते नाही तर उणीदुणी निघतात, आणि पुढच्या वेळी कोणी शिकवायला पुढे येत नाही. रकाना असला की चार निरीक्षक शिक्षकांना ठरलेले काम असते. प्रत्येकाने तीन मुलांजवळ बसायचे, त्यांनी हाताने काय केले आणि तोंडाने काय म्हटले ते वेळेसह टिपायचे. मुलाला मदत करायची नाही. हे सर्वांत कठीण आहे. अडलेल्या मुलाला आपण ‘अरे, दहा बघ’ म्हटले, की पाठाने काय साधले ते कळण्याचा मार्ग बंद होतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पहिल्या शनिवारी शिक्षिकेने प्रत्येकाला तेरा चिंचोके दिले आणि बारापैकी अकरा मुलांनी उत्तर चार काढले. वर्ग आनंदात सुटेल. पण संध्याकाळच्या चर्चेत टिपणे उघडली तर दिसेल की दहा मुलांनी नऊ चिंचोके बाजूला सारून उरलेले मोजले आणि एकाने पुढे मोजले. दहा कोणीच वापरले नाहीत. उत्तरे बरोबर आली, पण हेतू साधला नाही. चर्चेत आधी शिकवणारी शिक्षिका बोलेल, मग निरीक्षक. आणि ‘मला वाटते’ असे न म्हणता ‘या मुलाने असे केले’ असेच बोलायचे.

यावरून दोष कशात होता तेही सापडते. तेरा सुटे चिंचोके हातात दिल्यावर मुलाने दहा का शोधावेत? दुरुस्ती एकच: चिंचोक्यांऐवजी दहा काड्यांची दोऱ्याने बांधलेली जुडी आणि तीन सुट्या काड्या. आता नऊ काढायला सुट्या पुरत नाहीत. मूल जुडीकडे वळते, की आधी तीन सुट्या उचलते, हे निरीक्षकाला दिसते. काही मुले जुडी सोडून तेराही काड्या एकत्र करतील; ही सातवी शक्यता रकान्यात लिहायची. तिच्यापुढे प्रश्न: ‘नऊ काड्या कुठून काढल्यास?’

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उदाहरण, साहित्य आणि गोष्ट तिन्ही बदलली, तर दुसऱ्या शनिवारी फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही. तरीही दुसऱ्या पाड्यावरची मुले वेगळी असतील, म्हणून दोन वेळच्या अनुभवावरून ‘हाच पाठ उत्तम’ असे आपण म्हणणार नाही. हातात राहील ते सुधारलेले टाचण आणि मुलांच्या वाटांची यादी. पुढच्या वर्षी नवा शिक्षक आला तर त्याला ती मिळेल.

सर्व मिळून तीन बैठका, दोन पाठ, दोन चर्चा आणि सुमारे सहा आठवडे लागतील. इतका वेळ प्रत्येक पाठाला देता येत नाही. म्हणून मुले वर्षानुवर्षे अडतात असे एक-दोन पाठच वर्षाला निवडायचे.

मंडळीतील कोणाला यायचे असेल, तर अवश्य या. खाऊ मात्र पाठ संपल्यावर द्या. भिंतीशी उभे राहू नका. एका मुलाजवळ बसा, त्याचे हात पाहा आणि दिसले ते लिहून शिक्षकांकडे द्या. ते टिपण संध्याकाळच्या चर्चेत वाचले जाईल.